प्रूव्हर हाताशी नसताना मॅगमीटरची पडताळणी: लायनर, इलेक्ट्रोड आणि अर्थिंग कोणत्या क्रमाने तपासावं

मॅगमीटर म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर चुकतंय अशी शंका आली की आपल्याकडे बहुतेक जण तीन गोष्टी करतात. व्हॉल्व्ह बंद करून शून्य बघतात, मल्टिमीटरने इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स बघतात आणि अर्थ पिटमध्ये बादलीभर पाणी ओततात. मग तिन्ही ‘ओके’ म्हणून कागदावर सही होते. गोची अशी की या तिन्ही तपासण्या पास होऊनही मीटर चार-पाच टक्के कमी दाखवू शकतो. असा मीटर मी चिपळूणजवळच्या एका कारखान्यात हाताळला आहे. खाली क्रम सांगताना त्याचेच आकडे वापरतो.

मीटर १५० मिमीचा, कडक रबराचं लायनर, दोन्ही बाजूंना एचडीपीई पाइप. सेन्सर जमिनीखालच्या चेंबरमध्ये आणि ट्रान्समीटर बारा मीटरवर भिंतीला. पाणी नदीचं. चेंबर पावसाळ्यात दोनदा भरलं होतं. ऑक्टोबरात पाण्याचा हिशेब जुळेना तेव्हा बोलावणं आलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. इथे आपण कॅलिब्रेशन करत नाही. सेन्सर कारखान्यातून निघताना जसा होता तसाच आहे का, एवढंच तपासतो. त्यामुळे कागदावर शब्दही ‘पडताळणी’ हाच लिहायचा.

१. तयारी: काहीही उघडण्याआधी

साहित्य फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, १ किलोहर्ट्झवर मोजणारा हातातला एलसीआर मीटर, ५०० व्होल्टचा मेगर, पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजणारा पेन, टॉर्च, मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेअर ड्रायर आणि नवीन गॅस्केट. गॅस्केट विसरू नका. जुनं परत बसवलं की ते बोअरमध्ये डोकावतं आणि नवीनच चूक तयार होते.

मीटरची नेमप्लेट वाचा. त्यावरचा कॅलिब्रेशन फॅक्टर आणि व्यास ट्रान्समीटरमध्ये भरलेल्या आकड्यांशी अंक अन् अंक जुळवा. ट्रान्समीटर बदलला आणि फॅक्टर जुनाच राहिला, ही चूक इतकी सर्रास होते की निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सगळी सेटिंग्ज लिहून घ्या, विशेषतः लो फ्लो कट-ऑफ आणि डँपिंग.

मीटरच्या सिग्नलवर काय काय चालतं ते ऑपरेटरला विचारा. क्लोरीन किंवा रसायनाचा डोसिंग पंप त्यावर चालत असेल तर तो मॅन्युअलवर घ्या. ट्रान्समीटर बंद केल्यावर डोसिंग थांबलं आणि ते दोन तासांनी कळलं, असं होऊ देऊ नका.

> थांबा: या टप्प्यावर ‘ऑटो झीरो’चं बटण दाबू नका. दोष सापडायच्या आधी शून्य जुळवलंत की पुरावाच पुसला जातो.

२. संपवर मोजणी: आधीची स्थिती

प्रूव्हर, म्हणजे मीटर ताडून बघायचं प्रमाणित साधन, नसलं तरी बहुतेक ठिकाणी पाणी साठवायची टाकी, म्हणजे संप, असतो. आतली लांबी-रुंदी टेपने मोजा, आत खांब असेल तर त्याचं क्षेत्रफळ वजा करा. संपचं आउटलेट पूर्ण बंद करा आणि मीटरमधून येणारं पाणी संपमध्ये सोडा. पातळी आणि टोटलायझर एकाच क्षणी वाचायला दोन माणसं लागतात. एकट्याने धावपळ करू नका.

आमचा संप ६ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. ताशी साधारण ४० घनमीटरने ३६ मिनिटांत पातळी ०.८० मीटर चढली. म्हणजे आलं २४.० घनमीटर. टोटलायझरने दाखवले २३.०, म्हणजे ४.२ टक्के कमी.

या मोजणीवर विश्वास किती ठेवायचा? पातळी वाचताना दोन्ही टोकांना पाच मिलिमीटर इकडेतिकडे होतं, भिंती काही अगदी काटकोनात नसतात. सगळं धरून एक-दीड टक्क्याची चूक गृहीत धरा. त्यामुळे संप अर्ध्या टक्क्याचा वाद सोडवू शकत नाही, पण चार टक्क्यांचा दोष लपूही देत नाही. पातळी निदान पाऊण मीटर चढू द्या. वीस सेंटिमीटरवर थांबलात तर या पद्धतीला अर्थ उरत नाही.

३. पाइप भरलेला, पाणी स्थिर: शून्य

लो फ्लो कट-ऑफ शून्यावर आणा. तो चालू असेल तर मीटर शून्य ‘दाखवतो’, पण खरं शून्य काय आहे ते तुम्हाला दिसतच नाही. मग मीटरच्या पुढचा आणि मागचा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाइप पूर्ण भरलेला आहे याची खात्री करा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

वेग ±०.०१ मीटर प्रति सेकंदाच्या आत हवा. १५० मिमीच्या मीटरला हे ताशी सुमारे ०.६४ घनमीटर होतं. आकडा एकाच दिशेला स्थिर असेल तर आधी व्हॉल्व्ह गळतोय का ते बघा. कोकणात लाइन बऱ्याचदा डोंगरावरच्या टाकीतून उतरते, त्यामुळे गळक्या व्हॉल्व्हवर कायम दाब असतो आणि ‘शून्याची चूक’ म्हणून आपण खरंच वाहणारं पाणी मोजत बसतो. आकडा स्थिर नसून दोन्ही बाजूंना नाचत असेल तर संशय अर्थिंगवर किंवा इलेक्ट्रोडवर घ्या.

आमचं शून्य अगदी नीट होतं, ०.००२. प्लँटचा इन्स्ट्रुमेंटवाला लगेच म्हणाला, “अहो, शून्य बरोबर आहे म्हणजे मीटर बरोबर आहे.” तसं नसतं. इलेक्ट्रोडचा सिग्नल वाटेत गळत असेल तर शून्याची गळती शून्यच राहणार. पाणी वाहू लागलं की मगच टक्केवारीत तूट दिसते.

४. पाइप भरलेला: इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स

ट्रान्समीटरचा वीजपुरवठा बंद करा, सेन्सरच्या टर्मिनल बॉक्समधून इलेक्ट्रोडच्या तारा सोडवा. आता प्रत्येक इलेक्ट्रोड आणि मीटरची बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स एलसीआर मीटरने मोजा. ग्राउंडिंग रिंग बॉडीला जोडलेली आहे ना हे आधी डोळ्यांनी बघून घ्या. ती सुटलेली असेल तर बॉडी पाण्याला नीट भिडत नाही आणि आकडा भलताच मोठा येतो.

साध्या मल्टिमीटरचा डीसी प्रवाह इलेक्ट्रोडवर ध्रुवीकरण करतो, त्यामुळे आकडा सरकत जातो. एलसीआर नसेलच तर टोक लावल्याबरोबरचा पहिला आकडा घ्या, टोकं उलटी करून पुन्हा घ्या आणि निष्कर्ष फक्त दोन इलेक्ट्रोडच्या तुलनेपुरताच काढा.

किती यायला हवं याचा ढोबळ अंदाज आधीच बांधता येतो:

```
R = 1 / (2 × σ × d)
```

इथे `σ` म्हणजे पाण्याची कंडक्टिव्हिटी (सीमेन्स प्रति मीटरमध्ये) आणि `d` म्हणजे इलेक्ट्रोडच्या पाण्याला लागणाऱ्या चकतीचा व्यास (मीटरमध्ये). आमच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आली, म्हणजे ०.०१ सीमेन्स प्रति मीटर. इलेक्ट्रोड १० मिमीचा. गणित केलं की ५ किलोओहम. इलेक्ट्रोडचं डोकं गोलसर असतं वगैरे कारणांनी तीसेक टक्के इकडेतिकडे चालेल.

आमच्याकडे ‘ए’ इलेक्ट्रोडवर ५.१ आणि ‘बी’वर ४.६ किलोओहम आले.

आता इथेच लोक फसतात. दोन इलेक्ट्रोडमध्ये दहा-वीस टक्के फरक चालतो असा सर्वसाधारण समज आहे आणि चिकटा बसलेला इलेक्ट्रोड शोधायला तो नियम पुरतोही. तेलकट थर बसला की आकडा पाच किलोओहमवरून तीस-चाळीसवर जातो, ते लपत नाही. पण उलट दोष, म्हणजे कुठेतरी ओल येऊन इलेक्ट्रोड बॉडीकडे गळणं, या मोजणीत जवळजवळ दिसतच नाही. पाण्याचा ५.१ किलोओहमचा रस्ता आहे, त्याला समांतर ५० किलोओहमची गळती धरा. एकत्र होतात ४.६. म्हणजे एवढी मोठी गळती असूनही फरक दहा टक्क्यांच्या आतच.

> तपासा: दोन इलेक्ट्रोडमध्ये जो कमी आला, त्याच्यावर खूण करून ठेवा. मोठा आकडा थराकडे बोट दाखवतो आणि लहान आकडा ओलीकडे.

५. पाइप रिकामा करणं आणि लायनर बघणं

आधी वरचा एअर व्हॉल्व्ह उघडा, मग ड्रेन. उलट केलंत तर उतारावरची लाइन रिकामी होताना आत निर्वात तयार होतो. रबर तो बऱ्याचदा सोसतं, पण पीटीएफईचं लायनर आत खेचलं जाऊन फुगतं आणि ते पुन्हा कधीच पूर्ववत बसत नाही. डोंगरावरून येणाऱ्या लाइनवर पंप ट्रिप झाला तरी हेच होतं, म्हणून पीटीएफई असेल तर फुगवटा मुद्दाम शोधा.

सेन्सर उतरवताना बोअरमधून पट्टा किंवा सळई घालून उचलू नका. लायनर फाटण्याचं हे सगळ्यात मूर्ख आणि सगळ्यात नेहमीचं कारण.

टॉर्च तिरकी धरली की उंचवटे सावलीने उठून दिसतात. बोट फिरवा, विशेषतः इलेक्ट्रोडच्या कडेने आणि फ्लँजवर वळवलेल्या भागावर. फोड, चीर, सुटलेली कड यातलं काहीही सापडलं तर पुढच्या विद्युत चाचण्या करा, पण त्या पास झाल्या तरी मीटर पास करू नका. लायनरच्या मागे पाणी शिरायला वेळ लागतो. आजचा मेगर उद्याची हमी देत नाही.

थर बसला असेल तर काढण्याआधी त्याची जाडी बघून लिहा. वीज न वाहणारा थर सगळीकडे सारखा बसून व्यास एक टक्का कमी झाला तर मीटर ढोबळमानाने एक टक्का जास्त दाखवतो. क्षेत्रफळ दोन टक्क्यांनी घटतं म्हणून चूकही दोन टक्के, असं पुष्कळ जण धरतात. पण वेग दोन टक्के वाढला तरी सिग्नल व्यासालाही गुणला जातो आणि व्यास एक टक्का कमी झालेला असतो. म्हणून निव्वळ एक. लोखंडी गंजाचा, वीज वाहणारा थर मात्र सिग्नल शॉर्ट करून मीटर कमी दाखवायला लावतो.

साफसफाई मऊ कापडाने, गरज पडली तर पातळ सायट्रिक आम्लाने. तारेचा ब्रश नको.

आमचं लायनर निर्दोष निघालं. इलेक्ट्रोडवर नदीच्या गाळाचा पातळ थर होता, बाकी काही नाही. म्हणजे चार टक्क्यांची तूट अजून सापडलेलीच नव्हती.

६. सुका सेन्सर: इन्सुलेशन

सगळ्या क्रमातला हा टप्पा सर्वात जास्त वेळा गाळला जातो. बोअर कापडाने पुसा आणि ड्रायरने पूर्ण सुकवा. इलेक्ट्रोडभोवती ओलीची एक रेघ राहिली तरी आकडा खोटा येतो.

> धोका: मेगर लावण्याआधी ट्रान्समीटरच्या सगळ्या तारा सुटलेल्या हव्यात. ५०० व्होल्टने इनपुट सर्किट जळतं. ज्वलनशील वाफा असणाऱ्या जागेत मेगर वापरायचाच नाही, सेन्सर बाहेर आणून मोजा.

आधी मल्टिमीटर सर्वात मोठ्या रेंजवर ठेवून प्रत्येक इलेक्ट्रोड ते बॉडी मोजा. सुक्या, चांगल्या सेन्सरवर आकडा रेंजच्या बाहेर जायला हवा. तिथे गळती दिसली नाही तरच मेगर. निदान २० मेगओहम हवेत. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये याहून मोठा आकडा असेल तर तोच धरा.

मग कॉइल. दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मीटर नवीन असतानाच्या नोंदीशी किंवा मॅन्युअलशी जुळवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो. म्हणजे २० अंशांची नोंद आणि आपल्याकडची ३२ अंशांची दुपार यात पावणेपाच टक्के फरक निव्वळ उकाड्याचा असतो. तो वजा न करता कॉइल ‘बदलली आहे’ म्हणू नका. कॉइल ते बॉडी इन्सुलेशनही मेगरने घ्या. ते घसरलं असेल तर लायनरच्या मागे पाणी पोहोचलं असण्याची शक्यता मोठी, आणि जागेवर त्याला उपाय नाही.

आमची कॉइल ठीक होती, ‘ए’ इलेक्ट्रोड रेंजबाहेर. ‘बी’ मात्र मल्टिमीटरवरच ५० किलोओहम.

आता हिशेब जुळतो का बघा. ‘बी’चा सिग्नल पाण्याच्या साधारण ५ किलोओहममधून येतो आणि ५० किलोओहममधून बॉडीकडे गळतो. म्हणजे त्याचा ५ भागिले ५५, सुमारे नऊ टक्के हिस्सा वाया जातो. ‘बी’ हा एकूण सिग्नलचा अर्धा भाग, म्हणून मीटरची तूट साडेचार टक्के. संपवर आलेली ४.२ ची तूट संपच्या स्वतःच्या चुकीच्या मर्यादेत याच्याशी जुळते. कारण आणि परिणाम आकड्याने जुळल्याशिवाय दोष सापडला असं म्हणू नये. नाहीतर आपण दुसराच कुठला तरी किरकोळ दोष दुरुस्त करून घरी जातो.

पाण्याची कंडक्टिव्हिटी जास्त असती, समजा हजार मायक्रोसीमेन्स, तर याच गळतीने अर्ध्या टक्क्याच्या जरा आतच तूट आली असती. आपल्या जांभ्याच्या मुलखातलं पाणी मऊ, कमी क्षारांचं असतं. म्हणून ओलीचा फटका आपल्याला जास्त बसतो. एफ्लुएंटच्या लाइनवर बिनबोभाट चालणारा तसलाच सेन्सर नदीच्या पाण्यावर रडतो, त्याचं कारण हे.

गळती नेमकी कुठे आहे हे शोधायला केबल आणि सेन्सर वेगवेगळे मोजा. आमची केबल स्वच्छ निघाली. टर्मिनल बॉक्समध्ये ‘बी’च्या स्क्रूखाली हिरवट बुरशीसारखा क्षार जमला होता, आणि वर तोंड करून बसवलेल्या ग्लँडमधून पाणी आत आल्याची खूण होती. अल्कोहोलने धुऊन, ड्रायरने अर्धा तास सुकवल्यावर मेगर १०० मेगओहमच्या वर गेला. ग्लँड बदलला आणि केबलला बॉक्सच्या आधी खाली वाक दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. हे काम खरं तर आगोटीच्या तयारीतच व्हायला हवं होतं.

७. अर्थिंग: पिट नंतर, पाणी आधी

मॅगमीटरच्या अर्थिंगचा पहिला उद्देश आहे पाणी, मीटरची बॉडी आणि ट्रान्समीटर एकाच विद्युत पातळीवर आणणं. जमिनीतला पिट ही पुढची गोष्ट. प्लास्टिकच्या पाइपात पाणी विद्युतदृष्ट्या तरंगत असतं, म्हणून दोन्ही फ्लँजला ग्राउंडिंग रिंग हव्यात. आतून इपॉक्सी मारलेला लोखंडी पाइप या हिशेबात प्लास्टिकच समजा. डीआय पाइपच्या रबरी सांध्यातूनही जोड मिळेलच असं नाही.

मल्टिमीटरची टोकं एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करा आणि प्रत्येक रिंग ते बॉडी मोजा. एक ओहमच्या आत हवं. मोजताना टोक रिंगच्या धातूवर टेकवा. लगवर किंवा बोल्टवर टेकवलंत तर नेमका रंग चढलेला किंवा गंजलेला जोडच मोजणीतून सुटतो. खाऱ्या हवेत तांब्याचा उघडा लग गॅल्व्हनाइज्ड बोल्टवर दोन पावसाळे टिकत नाही. टिनचा मुलामा असलेला लग वापरा आणि वर ग्रीस लावा.

सर्वात वाईट चूक म्हणजे रिंगची तार बॉडीला न जोडता लांबच्या वेगळ्या पिटला नेणं. मे महिन्यात जांभा सुकला की त्या पिटचा रेझिस्टन्स वाढतो, दोन पिटांच्या पातळ्या वेगळ्या होतात आणि तो फरक थेट सिग्नलवर चढतो. वळवाच्या विजा कडाडल्या की ट्रान्समीटरच जातो, ते वेगळं. तार रिंगपासून बॉडीला, आखूड आणि जाड. बॉडीपासून प्लँटच्या अर्थिंगला एकच तार.

शंका असेल तर स्थिर पाण्यावर शेजारचा व्हीएफडी पंप चालू-बंद करून शून्य बघा. पंपाबरोबर ते हलत असेल तर रिंग ते बॉडी तात्पुरती जाड केबल जोडा. हलणं थांबलं की दोष सापडला.

जेट्टीकडच्या पाइपलाइनवर कॅथोडिक प्रोटेक्शन असेल तर यातलं काहीही परस्पर करू नका. तिथे मीटर पाइपपासून अलग ठेवून दोन्ही बाजूंचे पाइप मीटरला वळसा घालून जोडलेले असतात. ‘अर्थिंग सुधारायला’ जाल आणि ते संरक्षणच बंद पाडाल.

८. परत बसवणं आणि शेवटची मोजणी

नवीन गॅस्केट बोअरशी एकमध्य बसवा, बोल्ट समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत आवळा. रबर दबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी टॉर्क पुन्हा बघा. पाइप भरून इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स पुन्हा घ्या, मग तारा जोडा, शून्य पुन्हा बघा आणि लो फ्लो कट-ऑफ आधीच्या आकड्यावर आणा. हे शेवटचं हमखास विसरतं आणि रात्रभर टोटलायझर बंद लाइनवर लिटर जमा करत राहतो.

संपवरची मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा केली तेव्हा २४.० ला २३.८ आले, म्हणजे ०.८ टक्के कमी. हे संपच्या चुकीच्या आतच आहे. त्यामुळे मीटर ०.८ टक्के चुकतो असंही म्हणता येत नाही आणि तो अर्ध्या टक्क्यात आहे असंही नाही.

अहवालात आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी शेजारी लिहा: शून्य, दोन्ही इलेक्ट्रोड भरलेले आणि सुके, कॉइल त्या वेळच्या तापमानासह, पाण्याची कंडक्टिव्हिटी, रिंग ते बॉडी, संप. पुढच्या वर्षी तुलनेला हेच आकडे लागतील. बिलाचा वाद असेल किंवा अर्ध्या टक्क्याची अचूकता सिद्ध करायची असेल तर मीटर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या किंवा पालक्काडच्या एफसीआरआयसारख्या फ्लो लॅबमध्ये पाठवावा लागतो. पाठवताना ट्रान्समीटर आणि केबलही सोबत द्या, आणि बोअरमध्ये पट्टा घालू नका हे ट्रकवाल्याला तोंडी नव्हे, खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून सांगा.